हृदयाचा एक ठोका: दाब, आकारमान, झडपा आणि लब-डप यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पहिल्या वर्षाच्या मुलांना फिजिऑलॉजी शिकवते. हृदयचक्राचा तास संपला की टेबलाभोवती चार-पाच जण थांबतात आणि दरवर्षी जवळजवळ तेच प्रश्न विचारतात. बहुतेकांनी टप्प्यांचा तक्ता तोंडपाठ केलेला असतो, पण तक्त्यातल्या एका ओळीनंतर पुढची ओळ का येते हे सुटलेलं नसतं. खालच्या उत्तरांत मी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणार आहे: या क्षणी झडपेच्या कोणत्या बाजूला दाब जास्त आहे? तो नीट विचारता आला की तक्ता स्वतःच मांडता येतो.

शब्दांबद्दल थोडं. वरच्या कप्प्यांना अलिंद आणि खालच्यांना निलय म्हणू. निलयाचं आकुंचन म्हणजे सिस्टोल, ते सैल होण्याचा काळ म्हणजे डायस्टोल. दाबाचे आकडे मिलिमीटर पाऱ्यात आहेत, म्हणून दरवेळी एकक लिहीत नाही. उदाहरण म्हणून विशीतली एक निरोगी विद्यार्थिनी घेऊ. ती निवांत बसली आहे, नाडी मिनिटाला ७५ आणि रक्तदाब १२०/८०. आकडे तिच्या हृदयाच्या डाव्या बाजूचे आहेत.

एका ठोक्याला किती वेळ लागतो?

६० सेकंदांना ७५ ने भागा, ०.८ सेकंद येतात. त्यातले साधारण ०.३ सेकंद निलय आकुंचन पावलेलं असतं आणि ०.५ सेकंद सैल. अलिंदाचं आकुंचन फक्त ०.१ सेकंदाचं असतं आणि ते त्या ०.५ सेकंदांच्या अगदी शेवटी येतं. म्हणजे अलिंद आकुंचन पावत असतं तेव्हा निलय अजून डायस्टोलमध्येच असतं. ‘आधी सगळं हृदय आवळतं, मग सगळं सैल होतं’ असं चित्र डोक्यात असेल तर ते इथेच बदला.

दुसरी गोष्ट, उजवी आणि डावी बाजू पाळीपाळीने चालत नाहीत. दोन्ही निलयं जवळजवळ एकाच वेळी आवळतात. फरक दाबाचा आहे. डाव्या निलयाचा दाब १२० पर्यंत चढतो, उजव्याला २५ पुरतात, कारण त्याला रक्त फक्त फुप्फुसांतून ढकलायचं असतं.

झडपा कोण उघडतं? त्यांना स्वतःचे स्नायू असतात का?

विहिरीवरचा पंप पाहिला असेल तर त्याची फूट व्हॉल्व्ह आठवा. पंप ओढू लागला की ती उघडते, पंप बंद झाला की वरच्या पाण्याच्या भाराने मिटते. तिला कोणी दोरी बांधलेली नसते. हृदयाच्या झडपा तशाच आहेत. मागच्या बाजूचा दाब जास्त झाला की उघडतात, पुढचा जास्त झाला की मिटतात.

मग निलयातले पॅपिलरी स्नायू आणि त्यांच्यापासून झडपेपर्यंत गेलेल्या दोऱ्या कशासाठी? परीक्षेत इथे हमखास चूक होते. मुलं लिहितात की हे स्नायू झडप ओढून बंद करतात. दोऱ्यांची दिशा पाहा: त्या झडपेला निलयाकडे, म्हणजे उघडण्याच्या बाजूला ताणतात, बंद होण्याच्या बाजूला नाही. त्यांचं काम झडप मिटल्यानंतरचं आहे. निलयात दाब १२० असताना अलिंदात तो दहाच्या आसपास असतो, आणि एवढ्या फरकाने मिटलेले पडदे अलिंदात उलटे फुगतील. दोऱ्या ते रोखतात. हृदयविकाराच्या झटक्यात पॅपिलरी स्नायू फाटला तर डावं अलिंद आणि डावं निलय यांच्यामधली झडप, म्हणजे मायट्रल, अचानक गळू लागते, रक्त उलटं अलिंदात जातं आणि काही तासांत फुप्फुसांत पाणी भरू शकतं.

डाव्या निलयातून रक्त शरीराकडे नेणारी मोठी धमनी म्हणजे महाधमनी. तिच्या तोंडाशी असलेल्या झडपेला अशा दोऱ्या नाहीत. तिचे तीन चंद्रकोरी पडदे रक्ताने भरले की एकमेकांना टेकून तोल सांभाळतात.

अलिंद आकुंचन पावल्याशिवाय निलय भरतच नाही का?

भरतं, आणि बरंचसं भरतं. आपल्या विद्यार्थिनीच्या डाव्या निलयात मागच्या ठोक्यानंतर ५० मिली रक्त उरलं आहे. मायट्रल झडप उघडताच अलिंदात साठून राहिलेलं रक्त वेगाने खाली उतरतं. पुढे अलिंद आणि निलय यांचे दाब जवळजवळ सारखे होतात, तेव्हा भरण्याचा वेग मंदावतो. फुप्फुसांकडून येणारं रक्त अलिंदातून हळूहळू सरकत राहतं. शेवटी अलिंद आकुंचन पावतं आणि उरलेला भाग ढकलतं.

एकूण ७० मिली भरायचे असतील तर विश्रांतीच्या वेळी साधारण ५५ मिली अलिंदाच्या आकुंचनाआधीच आत आलेले असतात. शेवटचे १५ मिली आकुंचनाने येतात. त्यामुळे एट्रियल फिब्रिलेशनमध्ये अलिंद नुसतं थरथरत असलं तरी माणूस बसल्या जागी सहसा कोसळत नाही. धावताना किंवा निलय ताठर झालेलं असताना मात्र या १५ मिलींची उणीव भासते.

भरण्याच्या पहिल्या भागात आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि दाब व आकारमान वेळेनुसार दाखवणाऱ्या आलेखात ती बघून मुलं गोंधळतात. निलयात रक्त येतं आहे, आकारमान वाढतं आहे, तरी सुरुवातीला दाब थोडा उतरतच राहतो. कारण स्नायू अजून सैल होतो आहे. भिंत रक्त येण्याच्या वेगापेक्षा अधिक वेगाने ढिली पडते, त्यामुळे निलय रक्त ओढून घेतं असं म्हणता येईल. निरोगी तरुण हृदयात ही ओढ चांगली असते.

दोन्ही झडपा बंद असताना निलय आकुंचन कसं पावतं?

माझ्या मते संपूर्ण हृदयचक्रात समजून घेण्यासारखा हाच क्षण आहे, म्हणून इथे सावकाश जाऊ.

निलय १२० मिली भरलं आहे आणि आतला दाब साधारण ८ आहे. विद्युतलहर पोचते, स्नायू आवळायला लागतो. दाब ८ वरून जरासा वर गेला की तो अलिंदापेक्षा जास्त होतो आणि मायट्रल झडप लगेच मिटते. आता बाहेर जायचा दरवाजा बघा. महाधमनीत त्या क्षणी दाब ८० आहे. निलयात १५, २०, ४० असला तरी महाधमनीकडचा दाब जास्तच, म्हणून ती झडपही बंद. रक्ताला जायला जागा नाही आणि द्रव दाबून लहान होत नाही. आकारमान १२० वर अडकून राहतं, फक्त दाब चढतो. ८ वरून ८० पर्यंत जायला जेमतेम ०.०५ सेकंद लागतात. याला समआयतनी आकुंचन म्हणतात.

ज्या क्षणी निलयाचा दाब ८० ओलांडतो त्या क्षणी महाधमनीची झडप उघडते. म्हणजे रक्तदाबाच्या मापातला खालचा आकडा निलयाच्या दृष्टीने एक उंबरठा आहे. एखाद्याचा खालचा दाब १०० असेल तर त्याच्या निलयाला दर ठोक्याला पहिला थेंब बाहेर पडण्याआधी १०० पर्यंत चढावं लागतं. वर्षानुवर्षं हा चढ चढणाऱ्या निलयाची भिंत जाड होते.

रक्त बाहेर पडताना दाब कसा बदलतो?

झडप उघडली की निलय आणि महाधमनी जणू एकच पोकळी होतात आणि दोघांचे दाब बरोबरीने १२० पर्यंत जातात. या पहिल्या वेगवान भागात बाहेर जाणाऱ्या रक्तातला मोठा वाटा निघून जातो. मग स्नायूचा जोर ओसरतो, दाब उतरायला लागतो, पण रक्त वाहतच असतं.

इथे आपल्या नियमाला एक प्रामाणिक अपवाद आहे. बारकाईने मोजलं तर उत्सर्जनाच्या, म्हणजे रक्त बाहेर पडण्याच्या, उत्तरार्धात निलयाचा दाब महाधमनीपेक्षा किंचित कमी होतो, तरी झडप उघडीच राहते. सायकलचं पायडल मारणं थांबवलं तरी ती पुढे जाते, तसं वेगात असलेलं रक्त स्वतःच्या गतीने पुढे जात राहतं. दाबाच्या उलट्या फरकाने ते हळूहळू थांबतं, क्षणभर मागे वळतं, आणि मागे वळणारं रक्तच झडपेच्या पडद्यांत भरून ती मिटवतं. म्हणून ‘दाब कमी झाला आणि झडप त्याच क्षणी बंद झाली’ हे मायट्रल झडपेच्या बाबतीत बऱ्यापैकी चालतं, महाधमनीच्या झडपेला थोडा उशीर द्यावा लागतो.

उत्सर्जन संपलं तेव्हा निलयात ५० मिली उरले. बाहेर गेले ७०. भरलेल्या १२० पैकी ७० म्हणजे ५८ टक्के. इकोच्या अहवालात इजेक्शन फ्रॅक्शन म्हणून येतो तो हाच आकडा. आणि मिनिटाला ७५ ठोके गुणिले ७० मिली म्हणजे सव्वापाच लिटर रक्त.

निलयाचा दाब शून्याजवळ जातो, मग महाधमनीचा ८० च्या खाली का जात नाही?

झडप मिटते तेव्हा महाधमनीत दाब साधारण १०० आहे. त्याच ठिकाणी आलेखात एक छोटी खाच दिसते. मागे वळलेलं रक्त बंद झडपेवर आपटून परततं, तिची ती खूण. यानंतर दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. निलयाचा स्नायू सैल पडतो आणि त्याचा दाब सुमारे ०.०८ सेकंदात १०० वरून दहाच्या खाली घसरतो. या काळातही दोन्ही झडपा बंद असतात, म्हणून आकारमान ५० वरच राहतं. दाब अलिंदापेक्षा खाली गेला की मायट्रल झडप उघडते आणि भरणं सुरू होतं.

महाधमनीची भिंत मात्र लवचिक आहे. सिस्टोलमध्ये ती ताणली गेली होती, आता ती हळूहळू मूळ जागी येते आणि साठवलेलं रक्त पुढे ढकलत राहते. मागचा दरवाजा बंद असल्यामुळे हा जोर पुढच्या रक्तवाहिन्यांकडेच जातो. दाब उतरत उतरत ८० पर्यंत येतो, तोवर पुढचा ठोका येऊन पोचतो. म्हातारपणी भिंत ताठर झाली की ताणून साठवण्याची ही सोय कमी होते. मग वरचा आकडा वाढतो, खालचा उतरतो आणि दोघांतली दरी रुंदावते.

लब आणि डप हे आवाज नेमके कशाचे?

‘झडपा बंद होण्याचे’ हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धं. ओले, पातळ पडदे एकमेकांवर आपटून असा आवाज येणार नाही. घरातला नळ वेगाने वाहत असताना झटकन बंद केला तर भिंतीतल्या पाइपाला धक्का बसून ठक असा आवाज येतो. वाहतं पाणी अचानक थांबल्याचा तो आवाज असतो. हृदयातही तेच होतं. झडप मिटताच तिच्यावर आलेलं रक्त एकदम थांबतं. मग ते रक्त, ताणलेले पडदे आणि आसपासच्या भिंती कंप पावतात. तो कंप छातीपर्यंत पोचतो.

पहिला ध्वनी, म्हणजे लब, मायट्रल आणि उजव्या बाजूची तिची जोडीदार ट्रायकस्पिड या झडपा मिटताना येतो. तो जरा लांब आणि खालच्या सुरातला असतो. दुसरा, डप, महाधमनी आणि फुप्फुस धमनीच्या झडपा मिटताना येतो. त्या झडपा ताठ आहेत आणि त्यांच्यामागच्या धमन्यांची भिंत जास्त ताणलेली असते. म्हणून तो आखूड आणि वरच्या सुरातला वाटतो.

झडप उघडताना निरोगी हृदयात आवाज येत नाही, कारण तेव्हा काहीच अचानक थांबत नाही. हे लक्षात ठेवा, शेवटच्या प्रश्नात उपयोगी पडेल.

स्टेथोस्कोप लावल्यावर कोणता लब आणि कोणता डप हे कसं ओळखू?

नाडी ७५ असेल तर मधल्या शांततेवरून. लब ते डप हे अंतर म्हणजे सिस्टोल, ते आखूड. डप ते पुढचा लब म्हणजे डायस्टोल, ते लांब. नाडी १२० च्या वर गेली की दोन्ही अंतरं सारखी वाटू लागतात आणि कान फसतो. अशा वेळी एका हाताने स्टेथोस्कोप धरा आणि दुसऱ्या हाताची बोटं गळ्यातल्या धमनीवर हलकेच ठेवा. जो ध्वनी बोटाखालच्या ठोक्याच्या अगदी लागून येतो तो पहिला. मनगटाची नाडी यासाठी वापरू नका, ती तिथे पोचेपर्यंत उशीर झालेला असतो.

श्वास घेताना डपचे दोन तुकडे ऐकू आले. हा आजार आहे का?

नाही. तुमचा कान चांगला आहे. छातीच्या डाव्या बाजूला दुसऱ्या बरगडीखालच्या जागेत, छातीच्या हाडाला लागून स्टेथोस्कोप ठेवा आणि समोरच्या मैत्रिणीला सावकाश श्वास घ्यायला सांगा. तरुण माणसात डपची ‘ड-डप’ होते आणि श्वास सोडला की पुन्हा एक होते.

कारण पुन्हा दाबच. श्वास घेताना छातीतला दाब उतरतो, शरीराकडून उजव्या निलयात जास्त रक्त ओढलं जातं. जास्त रक्त बाहेर टाकायला जास्त वेळ लागतो, म्हणून फुप्फुस धमनीची झडप उशिरा मिटते. त्याच वेळी फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत जरा जास्त रक्त थांबतं, डाव्या निलयाला थोडं कमी मिळतं, आणि महाधमनीची झडप किंचित लवकर मिटते. दोन्ही झडपा मिटण्याच्या वेळा एकमेकींपासून दूर सरकल्या की कानाला दोन आवाज कळतात.

अंतर श्वासाबरोबर बदलत नसेल, सोडतानाही तेवढंच राहत असेल, तर मात्र पुढे तपासायला हवं. दोन अलिंदांमधल्या पडद्याला छिद्र असेल तर असं ऐकू येतं.

तिसरा आणि चौथा ध्वनी कधी येतात?

तिसरा डपनंतर लगेच, निलय वेगाने भरत असताना. लहान मुलांत आणि तरुणांत तो असू शकतो. साठीच्या माणसात ऐकू आला तर निलय थकून फुगलं आहे का, याचा विचार करावा लागतो. चौथा लबच्या जरा आधी येतो, अलिंद ताठर निलयात रक्त ढकलतं तेव्हा. साहजिकच एट्रियल फिब्रिलेशनमध्ये चौथा ध्वनी असूच शकत नाही.

ईसीजीच्या लहरी या आलेखात कुठे बसवायच्या?

प्रत्येक लहर तिच्या यांत्रिक घटनेच्या जरा आधी काढा. वीज आधी, हालचाल नंतर. पी लहरीनंतर अलिंद आवळतं. क्यूआरएस सुरू झाल्यावर निलयाचा दाब चढतो आणि लब येतो. टी लहर संपण्याच्या आसपास डप येतो. मुलं क्यूआरएसच्या टोकाखाली निलयाचा सर्वोच्च दाब काढतात, तिथे गुण जातात. त्या वेळी चढ नुकता सुरू झालेला असतो.

दाब-आकारमानाच्या चौकटीसारख्या आकृतीत वेळ कुठे असते?

नसते. आडव्या रेषेवर आकारमान, उभ्या रेषेवर दाब, आणि निलयाची स्थिती दर्शवणारा बिंदू घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. मला ही आकृती आवडते, कारण तिचा प्रत्येक कोपरा एका झडपेचा आहे. खाली उजवीकडे १२० मिलीवर मायट्रल झडप मिटते. तिथून बिंदू सरळ वर जातो, ८० वर महाधमनीची झडप उघडते. मग तो कमानीसारखा डावीकडे येतो आणि ५० मिलीवर ती झडप मिटते. तिथून सरळ खाली, आणि तळाशी मायट्रल झडप उघडते. तळाच्या रेषेने परत उजवीकडे, की एक ठोका पूर्ण.

दोन्ही उभ्या रेषा म्हणजे निलयाची दोन्ही दारं बंद असण्याचे काळ. रेषा तिरकी असेल तर कुठली तरी झडप गळते आहे, हे आकृतीच सांगते. चौकटीची रुंदी म्हणजे ७० मिली.

नाडी वाढली की कोणता टप्पा आखडतो?

दोन्ही, पण डायस्टोल फार जास्त. नाडी १५० झाली तर ठोक्याला ०.४ सेकंदच मिळतात. सिस्टोल ०.३ वरून साधारण ०.२२ च्या आसपास येतो, म्हणजे थोडाच घटतो. डायस्टोल ०.५ वरून ०.१८ वर येतो. त्यातला मधला संथ भरण्याचा काळ जवळजवळ नाहीसा होतो. निरोगी हृदयाला याने फारसं अडत नाही, कारण बहुतेक भरणं सुरुवातीच्या वेगवान काळातच उरकलेलं असतं. शिवाय व्यायामात निलय लवकर सैल होतं.

पण डाव्या निलयाच्या स्नायूला स्वतःचं रक्त मुख्यतः डायस्टोलमध्येच मिळतं, कारण सिस्टोलमध्ये आवळलेला स्नायू आपल्याच रक्तवाहिन्या चेपतो. हृदयाच्या धमन्या अरुंद असलेल्या माणसाला जिना चढताना छातीत दुखतं त्यामागे हेही एक कारण आहे: मागणी वाढते आणि पुरवठ्याची वेळ कमी होते.

हे सगळं एखाद्या रुग्णात कसं दिसतं?

मायट्रल झडप अरुंद झालेली २८ वर्षांची बाई घेऊ. आपल्याकडे याचं नेहमीचं कारण संधिवाती ताप: लहानपणी स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे घसा दुखला, मग ताप आणि सांधेदुखी, आणि काही वर्षांनंतर झडपेचे पडदे कडांना एकमेकांना चिकटले. निरोगी मायट्रल झडपेचं तोंड ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असतं, हिचं १ आहे. बसल्या जागी तिला काही त्रास नाही. दोन मजले चढल्यावर मात्र धाप लागते.

आकडे मांडू. विश्रांतीत नाडी ७५, भरायला प्रत्यक्ष मिळणारा वेळ ०.४२ सेकंद, आणि तेवढ्यात ७० मिली जायचे आहेत. म्हणजे झडपेतून सेकंदाला सुमारे १६७ मिली. इतकं रक्त त्या अरुंद तोंडातून न्यायला अलिंदाचा दाब निलयापेक्षा ५ ने जास्त लागतो असं धरू. निलयात ५, म्हणून अलिंदात १०. हे सोसण्यासारखं आहे.

जिन्यावर नाडी १२० झाली. ठोका ०.५ सेकंदाचा झाला आणि भरण्याचा वेळ जवळजवळ निम्मा, ०.२१ सेकंद उरला. तेच ७० मिली न्यायचे तर प्रवाह दुप्पट, सेकंदाला ३३३ मिली हवा. अरुंद छिद्रात दाबाचा फरक प्रवाहाच्या वर्गाने वाढतो. प्रवाह दुप्पट, तर फरक चौपट, म्हणजे ५ चे २०. निलयात अजून ५ च आहेत, तेव्हा अलिंदात २५ झाले. अलिंदाच्या मागे फुप्फुसांच्या शिरा आणि केशवाहिन्या आहेत, तिथेही दाब तेवढाच चढतो. रक्तातली प्रथिनं पाणी केशवाहिन्यांत धरून ठेवतात तीही साधारण २५ च्या जोरानेच. ही सीमा आली की पाणी फुप्फुसांत झिरपायला लागतं आणि तिला धाप लागते. तिच्या निलयाची ताकद अजिबात कमी झालेली नाही, अडचण फक्त भरण्याच्या वेळेची आहे. गरोदरपणात रक्त आणि नाडी दोन्ही वाढतात, म्हणून अनेक बायकांत हा आजार पहिल्यांदा तेव्हाच लक्षात येतो.

आता स्टेथोस्कोप लावा. लब मोठ्याने वाजतो, कारण अलिंदाचा दाब शेवटपर्यंत जास्त असल्याने पडदे निलयात दूरवर उघडलेले राहतात आणि सिस्टोल सुरू होताच लांबून येऊन मिटतात. डपनंतर जरा वेळाने एक टकटकीत आवाज येतो. निरोगी झडप गुपचूप उघडते, पण हिचे चिकटलेले पडदे उघडताना शिडासारखे ताणले जाऊन एकदम थांबतात. तो त्याचा आवाज. मग गडगडाटासारखी खालच्या सुरातली मर्मर, म्हणजे अरुंद तोंडातून खळाळत जाणाऱ्या रक्ताचा आवाज, डायस्टोलभर चालते. ती ऐकायला रुग्णाला डाव्या कुशीवर वळवा आणि स्टेथोस्कोपची खोलगट बाजू, म्हणजे बेल, वापरा.

डप आणि टकटक यांच्यातलं अंतर मोजता आलं तर त्यातून आजाराची तीव्रता कळते. डप म्हणजे महाधमनीची झडप मिटली, टकटक म्हणजे मायट्रल उघडली. मधला काळ म्हणजे निलयाचा दाब १०० वरून अलिंदाच्या दाबापर्यंत उतरण्याचा. अलिंदात १० असतील तर दाबाला खूप खाली उतरावं लागतं. अलिंदात २५ असतील तर झडप लवकरच उघडते आणि अंतर आखडतं. झडप जितकी अरुंद तितकी टकटक डपच्या जवळ.

उपचारही याच गणितातून सुचतात. नाडी मंद ठेवणारं औषध दिलं की भरायला वेळ मिळतो आणि अलिंदाचा दाब उतरतो. झडपेची रचना योग्य असेल तर मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन चिकटलेल्या कडा सोडवतात. तोंड १ चं २ चौरस सेंटिमीटर झालं तर त्याच प्रवाहाला लागणारा दाबाचा फरक चौथ्या हिश्श्यावर येतो. मग जिन्यावरच्या २० च्या जागी ५ उरतात आणि अलिंदातला दाब २५ वरून १० वर.